आ, एन आणि दे (स्पॅनिश पूर्वयोगी अव्यये)

स्पॅनिश भाषेत स्थळ, हालचाल आणि काळ दाखवण्यासाठी नामाच्या आधी येणाऱ्या अव्ययांपैकी आ, एन आणि दे ही तीन सर्वाधिक वापरात असलेली अव्यये आहेत. आ पोचण्याचे ठिकाण सांगते, एन असण्याचे आणि दे निघण्याचे.

मराठी भाषकाची अडचण पहिल्या दोहोंत होते, कारण ‘पुण्याला राहतो’ आणि ‘पुण्याला गेलो’ किंवा ‘घरी आहे’ आणि ‘घरी जातो’ यांत आपले रूप बदलत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘घरी आहे’ म्हणजे ‘एस्तोय एन कासा’ आणि ‘घरी जातो’ म्हणजे ‘बोय आ कासा’. उलट ‘माद्रिदमध्ये पोचलो’ या वाक्यातला ‘मध्ये’ पाहून एन वापरला जातो, आणि ही चूक फार टिकाऊ असते. योग्य रूप ‘येगे आ माद्रिद’ हेच आहे. म्हणून प्रत्ययाकडे न बघता क्रियापदाकडे बघावे: ते एखाद्या ठिकाणापर्यंत नेत असेल तर आ, तिथेच ठेवत असेल तर एन.

या कसोटीलाही मर्यादा आहेत. ‘आत शिरणे’ या अर्थाच्या एन्त्रार क्रियापदापुढे स्पेनमध्ये बहुधा एन येते, तर लॅटिन अमेरिकेत आ रूढ आहे. अंतर सांगताना हालचाल नसूनही आ लागते, आणि ते कुठून मोजले हे दे सांगते: ‘ला एस्तास्योन एस्ता आ दोस किलोमेत्रोस दे मि कासा’, म्हणजे स्टेशन माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे.

काळाच्या बाबतीत घड्याळाच्या वेळेला आ, तर महिना, ऋतू आणि वर्ष यांना एन लागते. वाराला यांपैकी कोणतेच अव्यय लागत नाही, नुसते उपपद पुरते. ‘सोमवारी’मधल्या ई-प्रत्ययामुळे तिथे हमखास एन घुसडले जाते. ‘सकाळी’साठी दोन रूपे आहेत: नेमकी वेळ सांगितली असेल तर ‘दे ला मान्याना’, नसेल तर ‘पोर ला मान्याना’.

‘सोमवारी मी सकाळी आठ वाजता घरून निघालो आणि दहाला माद्रिदला पोचलो’ हे वाक्य असे होते: ‘एल लुनेस साली दे कासा आ लास ओचो दे ला मान्याना इ येगे आ माद्रिद आ लास दिएस’. यात दे दोनदा येते. पहिल्यांदा ते घर सोडल्याचे सांगते, दुसऱ्यांदा आठ कोणते ते. ‘दहाला’ आणि ‘माद्रिदला’ या दोन्हींतल्या ‘ला’साठी मात्र एकच आ आले आहे, म्हणजे इथे दोन्ही भाषा नेमक्या जुळतात.

एल हे उपपद पुढे आले की आ आणि दे त्यात मिसळून आल आणि देल होतात (‘आल मेर्कादो’, बाजाराला), पण एल साल्वादोर या देशनामातले एल लेखनात वेगळेच राहते.