दोन फूट रुंदीची पट्टी आणि ६८३ रचना

दोन फूट रुंद आणि n फूट लांब अशा पट्टीवर फरशी बसवायची आहे. फरश्या दोनच प्रकारच्या: २×१ आणि २×२ फूट. किती वेगवेगळ्या रचना होतील? या संख्येला T(n) म्हणू.

डाव्या टोकापासून सुरुवात करू. तिथे २×१ची फरशी उभी बसवली, तर n−1 फूट पट्टी उरते. दोन फरश्या एकावर एक आडव्या बसवल्या, किंवा २×२ची एकच बसवली, तर n−2 फूट उरते. म्हणून

T(n) = T(n−1) + 2T(n−2)

T(0) = 1 धरायचं, कारण काहीच न बसवण्याची रीत एकच; आणि T(1) = 1. पुढे ३, ५, ११, २१, ४३... मात्र शंभराव्या पदासाठी आधीची सगळी पदं काढत बसावं लागतं. थेट सूत्र हवं असेल, तर ही सगळी उत्तरं एकाच राशीत गुंफायची:

G = 1 + x + 3x² + 5x³ + 11x⁴ + ...

हेच जनरेटिंग फंक्शन. इथे x म्हणजे खुंटी: x⁴च्या खुंटीवर T(4) टांगलेला आहे, एवढंच. x ची किंमत काय, हा प्रश्न सध्या विचारायचाच नाही. G ला x ने गुणलं की प्रत्येक संख्या एक खुंटी पुढे सरकते, x² ने गुणलं की दोन. आता G मधून xG आणि 2x²G वजा करून पाहा. x⁴च्या जागी 11 − 5 − 6 = 0 येतं, x³च्या जागी 5 − 3 − 2 = 0. आपला नियमच तसा असल्यामुळे सगळीकडे शून्य येत जातं आणि सुरुवातीचा 1 तेवढा उरतो. म्हणजे

G = 1/(1 − x − 2x²) = 1/((1 − 2x)(1 + x))

न संपणारी यादी एका अपूर्णांकात मावली! आता तिच्यातून xⁿचा सहगुणक बाहेर काढायचा. त्यासाठी बारावीत इंटिग्रेशनच्या वेळी भेटणारे आंशिक अपूर्णांक कामाला येतात. G = A/(1 − 2x) + B/(1 + x) असं लिहिलं, की 1 = A(1 + x) + B(1 − 2x) मिळतं. x = −1 ठेवल्यावर B = 1/3, आणि x = 1/2 ठेवल्यावर A = 2/3. हे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीच्या भूमितीय श्रेढी आहेत: 1/(1 − 2x) मध्ये xⁿचा सहगुणक 2ⁿ असतो आणि 1/(1 + x) मध्ये (−1)ⁿ. म्हणून

T(n) = (2ⁿ⁺¹ + (−1)ⁿ)/3

ताडून पाहू. n = 4 साठी (32 + 1)/3 = 11. बरोबर. दहा फुटांच्या पट्टीसाठी 2049/3 = 683. सूत्रातला (−1)ⁿ मला फार आवडतो. दोनचा घात तीनने कधीच भागला जात नाही, बाकी १ किंवा २ उरते. हा छोटासा तुकडा आलटूनपालटून एक मिळवतो किंवा एक वजा करतो आणि भागाकार पूर्ण करून देतो. वाढीचा वेग मात्र 1 − 2x हा अवयव ठरवतो. लांबी एक फुटाने वाढली की रचना जवळजवळ दुप्पट होतात: ११, २१, ४३, ८५.

ही रीत फसते कुठे? छेदात एकच अवयव दोनदा आला, तर. समजा एक फूट रुंद आणि n फूट लांब पट्टीवर एकेक फुटाच्या काळ्या किंवा पांढऱ्या फरश्या लावायच्या आहेत, आणि पितळेची एक पट्टी टोकांना किंवा मध्ये कुठेही बसवून तिचे दोन भाग पाडायचे आहेत. प्रत्येक भागाचं फंक्शन 1/(1 − 2x), म्हणून एकूण 1/(1 − 2x)². इथे A/(1 − 2x) + B/(1 − 2x) मांडलं तर A आणि B कधीच सापडत नाहीत. वर्गाचा तुकडा वेगळा ठेवावा लागतो, आणि त्याचा सहगुणक (n + 1)2ⁿ असतो. तो n + 1 कुठून आला, हे मोजूनही दिसतं: पितळेच्या पट्टीला तेवढ्याच जागा आहेत. उत्तरात अवयव दोनदा असूनही n गुणक दिसत नसेल, तर मांडणी चुकली असं समजावं. दुसरी खबरदारी म्हणजे अंशाचा घात छेदापेक्षा लहान हवा. नसेल, तर आधी भागाकार करून घ्यायचा.

आता २×२ची फरशी काढून टाका. छेद 1 − x − x² होतो आणि संख्या येतात १, १, २, ३, ५, ८. एका मात्रेचा लघू आणि दोन मात्रांचा गुरू वापरून n मात्रांचे किती साचे होतात, याचंही उत्तर हेच. हेमचंद्राने ते ११५०च्या सुमारास मांडलं होतं, त्याच्याही आधी विरहांकाने. या छेदाचे अवयव पाडताना √5 शिरतो. दोन तुकड्यांपैकी दुसरा इतका लहान असतो की तो सोडून दिला तरी चालतं. φ = (1 + √5)/2 घेतलं, तर φⁿ⁺¹/√5च्या सगळ्यात जवळची पूर्ण संख्या हेच उत्तर. दहा मात्रांसाठी ही किंमत साधारण ८८.९९८ येते, आणि साचे ८९ आहेत.