‘पोटातून गा’ हे नक्की आलं कुठून?

गाणाऱ्यांमध्ये तासभर बसलं की ‘पोटातून गा, घशातून नको’ हे एकदा तरी ऐकू येतंच. बरेच जण त्याचा अर्थ असा घेतात की सूर लागला रे लागला की पोट आत ढकलायचं. मीही कित्येक वर्षं तेच करत होतो, आणि दोन तासांच्या रिहर्सलनंतर आवाज बसला की वाटायचं आपला घसाच नाजूक. पण या सल्ल्याचा इतिहास बघितला तर मूळ मुद्दा जवळजवळ उलटा आहे.

१९व्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटोअर या संगीत विद्यालयाच्या गायनपद्धतीत श्वास घेताना पोट सपाट करून छाती उचला असं शिकवायचे. दिसायला ऐटदार, पण पोट आत गेलं की डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, खाली उतरायला जागाच राहत नाही, मग हवा घ्यायला खांदे आणि गळपट्टीची हाडं वर उचलावी लागतात, आणि ते उचलणारे स्नायू मानेतले, म्हणजे स्वरयंत्राचे अगदी शेजारी. १८५५ मध्ये लुई मांडल नावाच्या डॉक्टरने आवाजाच्या थकव्यावर लिहिताना बोट ठेवलं ते इथेच, की गायक दमतो त्याचा संबंध श्वास घेण्याच्या पद्धतीशी आहे.

मांडलची कल्पना मिलानच्या फ्रांचेस्को लांपेर्ती या गुरूने उचलली. ‘स्वराची झुंज’ असं तिचं नाव. गाताना श्वास बाहेर टाकणारे स्नायू जोर लावतात आणि श्वास आत घेणारे स्नायू त्यांना धरून ठेवतात, म्हणजे आवाजाला श्वासाचा सपोर्ट हा ढकलण्यात नाही, हवा सावकाश सोडण्यात आहे. इटालियन परंपरेत यालाच ‘अप्पोज्जो’ म्हणतात, शब्दशः टेकणं.

हे निव्वळ गुरुवचन नव्हतं हे पुढे विसाव्या शतकात श्वासाचा दाब मोजायला लागल्यावर दिसलं. छाती पूर्ण भरून सगळे स्नायू सैल सोडले तर फुगलेली फुप्फुसं आणि बरगड्या आपोआप मिटायला बघतात आणि त्यांचाच दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंचीइतका होतो, तर हळू आवाजात गायला लागतो ५ ते १० सेंटिमीटर, म्हणजे सुरुवातीला दाब आधीच जास्त आहे, त्यात वरून पोट आत ढकललं की तो अजून वाढतो. आता एवढी हवा अडवणार कोण? बरगड्यांनी धरली नाही तर स्वरतंतूच एकमेकांवर घट्ट आवळून अडवतात. घसा दुखतो तो इथे. पोटाचं काम खरं तर ओळीच्या शेवटी, हवा संपत आली की.

एक लांब, हळू ओळ घेऊन बघा. श्वास भरला, पहिल्या अक्षराला घशात ‘टक्’ असा बारीक आवाज आला तर समजायचं की हवा घशाने अडवून मग सोडली. तीच ओळ पुन्हा, या वेळी श्वास थोडा कमी घ्यायचा, हात खालच्या बरगड्यांवर ठेवायचे आणि पहिले दोन-तीन शब्द होईपर्यंत त्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. टक् जाते, आणि गंमत म्हणजे कमी हवेत ओळही पुरते.

पोश्चरचा धागा येतो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. टास्मानियात जन्मलेला एफ. एम. अलेक्झांडर (१८६९–१९५५) स्टेजवर पाठांतरं म्हणायचा, त्याचा आवाज बसायला लागला म्हणून त्याने आरशात स्वतःला बघितलं, तर बोलायला सुरुवात करताना डोकं मागे जायचं, स्वरयंत्र खाली दाबलं जायचं आणि श्वास तोंडाने आवाज करत ओढला जायचा. बसून रिहर्सल करताना आपलं काय होतं? पहिला तास ठीक असतो, मग कंबर ढिली पडते, बरगड्या पोटावर बसतात, कागद मांडीवर असला तर मान खाली आणि समोर हाताने ताल देणाऱ्या कंडक्टरकडे बघायला हनुवटी वर, मग श्वास परत खांद्यांनीच. म्हणजे त्या जुन्या पॅरिसच्या पद्धतीला आपण खुर्चीत बसल्या बसल्या पोचतो! खुर्चीच्या पुढच्या कडेला बसायचं, कागद डोळ्यांच्या जरा खाली धरायचा, पाय जमिनीवर टेकवायचे. पण ताठ म्हणजे शिपायासारखं छाती काढून नाही हं, त्याने कंबर आवळते आणि श्वास पुन्हा वरच अडकतो.

श्वास बरोबर असला तरी तीन तास पूर्ण आवाजात गाऊन चालेलच असं नाही, स्वरतंतू एकमेकांवर आदळतच असतात. मी मध्ये एकदा वरच्या पट्टीत अगदी बारीक आवाजात सूर लावून बघतो. नेहमी सहज लागणारा तो सूर आधी नुसती हवा सोडून मग उशिरा लागला, तर स्वरतंतूंना थोडी सूज आलीय असं धरतो, आणि उरलेल्या रिहर्सलला उंच जागा खालच्या सप्तकात घेऊन नुसतं मार्किंग करतो, म्हणजे हलक्या आवाजात गातो.