स्प्रेडमधील उघडा लेग

ऑप्शन किंवा फ्युचर्सच्या दोन सौद्यांचा, एक घेण्याचा आणि एक विकण्याचा, मिळून एक स्प्रेड होतो. त्यातला प्रत्येक सौदा म्हणजे एक लेग. दोन्ही लेग एकाच ऑर्डरने टाकता येतात, किंवा आधी एक भरून घेऊन मग दुसरा लावता येतो. या दुसऱ्या पद्धतीला ‘लेगिंग इन’ म्हणतात. पहिला लेग भरला आहे आणि दुसरा अजून बसून आहे, अशा अवस्थेत हातात स्प्रेड नसतो. एका बाजूचा उघडा सौदा असतो आणि या पद्धतीची सगळी जोखीम त्या अवधीतच असते. मुंबईच्या फोर्टमधल्या दलाली पेढीत फोनवर ऐकू येतं ते वाक्य याच अवधीचं आहे : “काका, घ्यायचं झालं, विकायचं अजून पेंडिंग आहे.”

माणूस एकेक लेग का टाकतो? बोली म्हणजे घेणाऱ्याने लावलेला भाव आणि मागणी म्हणजे विकणाऱ्याने लावलेला भाव, यांतला फरक वाचवायला. एक हिशेब पाहू. एक शेअर १५०० रुपयांवर आहे, मुदत संपायला अडीच आठवडे आहेत आणि लॉट, म्हणजे एका सौद्यातले शेअर, ५०० चा आहे. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क. १५०० च्या कॉलला ३१.८० ची बोली आणि ३२.४० ची मागणी आहे. १५४० च्या कॉलला १५.०० ची बोली आणि १५.८० ची मागणी. १५०० चा कॉल घेऊन १५४० चा विकायचा आहे. स्क्रीनवरचा भाव आहे तसा मारला तर ३२.४० देऊन १५.०० मिळतात, म्हणजे स्प्रेड १७.४० ला पडतो. दोन्ही लेग मधल्या भावाला, ३२.१० आणि १५.४० ला, मिळाले तर तोच १६.७० ला पडतो. लॉटमागे ३५० रुपयांची बचत. शंभरदा स्प्रेड करणाऱ्याला ही रक्कम क्षुल्लक नाही.

समजा, ३२.१० ला घ्यायचा लेग भरला आणि १५४० चा कॉल विकायला १५.४० ची लिमिट लावली, म्हणजे त्याहून कमी भावाला विकायचं नाही. शेअर पाच रुपये वर गेला तर ती लिमिट भरते, स्प्रेड १६.७० ला होतो आणि ३५० रुपये वाचतात. शेअर पाच रुपये खाली आला तर १५४० च्या कॉलची बोली साधारण १३.५० वर येते. आता विकलं तर स्प्रेड १८.६० ला पडतो, म्हणजे सुरुवातीला डोळ्यांसमोर असलेल्या १७.४० पेक्षा १.२० महाग, लॉटमागे ६०० रुपये जास्त. आणि घाबरून घेतलेलाच लेग सोडला, तर १५०० च्या कॉलची बोली २९.२० च्या आसपास असते : २.९० चा तोटा, १४५० रुपये, शिवाय दोन वेळची दलाली.

यात लक्ष द्यावं असं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. शेअर चढला तेव्हा १५४० चा कॉल सतराच्या आसपास पोचला होता, पण आपली लिमिट वाटेत १५.४० लाच भरली. वरचा फायदा लिमिटने अडवला, खालच्या तोट्याला मात्र अडवणारं काही नव्हतं. पहिल्या लेगचंही असंच आहे. घेण्याची लिमिट मधल्या भावाला भरते ती बहुधा भाव खाली सरकत असताना, आणि नेमकं तेव्हाच विकायचा लेग हातातून निसटत असतो. ‘भरलं, म्हणजे भाव चांगला मिळाला’ हे नवख्या माणसाचं समाधान माझ्या मते या व्यवहारातली सगळ्यात महाग समजूत आहे.

थांबण्याची किंमत मोजता येते. या शेअरची वार्षिक चंचलता २४ टक्के धरली तर दिवसाची नेहमीची चाल साडेबावीस रुपयांच्या आसपास येते. बाजार ३७५ मिनिटं चालतो. चाल वेळेच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून साडेबावीसला साधारण १९ ने भागायचं : मिनिटाला सव्वा रुपयाच्या थोडं आत. १५४० च्या कॉलचा डेल्टा ०.३१ आहे, म्हणजे शेअर एक रुपया हलला की हा कॉल ३१ पैसे हलतो. तेव्हा एका मिनिटात त्याचा भाव ३६ पैशांनी इकडे किंवा तिकडे जाणं अगदी नेहमीचं. आणि पहिला लेग भरल्यावर उरलेली बचत किती? १५.०० ऐवजी १५.४०, फक्त ४० पैसे. एका मिनिटाची हेलकावणी त्या बचतीएवढीच आहे. चार मिनिटं थांबलं तर ती दुप्पट होते, बचत तेवढीच राहते.

कोणता लेग आधी, याचं उत्तरही याच हिशेबातून निघतं. स्प्रेड शेवटी कितीला पडेल हे न भरलेला लेग ठरवतो. म्हणून ज्याला गिऱ्हाईक कमी आणि ज्याचा डेल्टा जास्त, तो आधी भरून घ्यायचा. खात्रीने लगेच निघेल तो मागे ठेवायचा. पण मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी खात्यात अडकवून ठेवावी लागणारी रक्कम, यात आडवं येतं. विकायचा लेग आधी टाकला तर एक्स्चेंजच्या लेखी ती उघडी विक्री असते आणि तिचं मार्जिन लाखाच्या पुढे सहज जातं. घेतलेला लेग आधी खात्यात असेल तर मार्जिन कितीतरी कमी लागतं. त्यामुळे लहान खातेदार जवळजवळ नेहमी आधी घेतो, मग विकतो. सोडताना क्रम उलटा : आधी विकलेला परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. हा क्रम चुकला की मधल्या क्षणी मार्जिन अपुरं पडतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दलालांच्या ॲपमधलं ‘बास्केट’ म्हणजे एकच ऑर्डर नव्हे. एका बटणावर दोन स्वतंत्र ऑर्डर एकामागून एक एक्स्चेंजकडे जातात. पहिली भरली आणि दुसरी मार्जिनअभावी किंवा लिमिट लांब पडल्याने राहिली, तर खात्यात उघडा लेगच उरतो. ओळखायची खूण सोपी आहे : ऑर्डर बुकात दोन ओळी आणि दोन वेगळे ऑर्डर क्रमांक.

खरी एक ऑर्डर राष्ट्रीय शेअर बाजाराच्या यंत्रणेत दोन रूपांत मिळते. दोन किंवा तीन लेगांची एकत्र ऑर्डर ही फक्त ‘लगेच, नाहीतर रद्द’ या अटीवर जाते. समोर दोन्ही बाजूंना माल असेल तर ती भरते, नाहीतर रद्द होते. ती बाजारात वाट पाहत बसत नाही. त्यामुळे उघड्या लेगची भीती जाते, पण मधल्या भावाची बचतही सहसा मिळत नाही. दुसरं रूप फ्युचर्सच्या दोन महिन्यांमधल्या स्प्रेडचं. त्याचं बुक, म्हणजे बोली-मागणीची यादी, वेगळं असतं आणि भाव लावायचा तो दोन महिन्यांतल्या फरकाचा. चालू महिना सोडून पुढचा ९.२० च्या फरकाने घ्यायचा, एवढंच सांगायचं. मधे शेअर १५०० वर आहे की १४९० वर, याने काही बिघडत नाही. सौदा असा पुढच्या महिन्यात नेण्याच्या, म्हणजे रोलओव्हरच्या, आठवड्यात या बुकात गर्दी असते. २०२५ च्या सप्टेंबरपासून राष्ट्रीय शेअर बाजारातल्या या सौद्यांची मुदत मंगळवारी संपते, त्यामुळे ही गर्दी आता त्याआधीच्या दिवसांत दिसते. एरवी हे बुक विरळ असतं आणि तिथला फरक दोन लेग वेगवेगळे टाकण्यापेक्षा महागही पडू शकतो. लावण्याआधी दोन्ही बुकं शेजारी ठेवून पाहावीत.

एकेक लेगच टाकायचे असतील, तर दुसऱ्या लेगसाठी आधीच दोन आकडे ठरवून ठेवायचे : किती सेकंद थांबायचं आणि किती पैसे सोडायचे. वरच्या उदाहरणात मी तीस सेकंद आणि ४० पैसे धरीन. तेवढ्यात लिमिट भरली नाही तर ती बदलून समोरच्या बोलीला मारायची. १५.०० ची बोली अजून तिथेच असेल, तर स्प्रेड १७.१० ला पडतो आणि पहिल्या लेगवरचे ३० पैसे हातात राहतात.