एम्पिरिकल सूत्र आणि रेणुसूत्र : ज्वलन विश्लेषण व मास स्पेक्ट्रमवरून निश्चिती

सेंद्रिय संयुग ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळले की त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या आणि हायड्रोजन पाण्याच्या रूपात बाहेर पडतो. या दोहोंच्या मापावरून मूलद्रव्यांची टक्केवारी मिळते आणि टक्केवारीवरून अणूंचे सर्वांत साधे पूर्णांकी गुणोत्तर, म्हणजे एम्पिरिकल सूत्र. प्रत्यक्ष रेणू या सूत्राच्या किती पट आहे ते मात्र टक्केवारीतून कळत नाही. त्यासाठी रेणुवस्तुमान लागते, आणि ते आज बहुतेक वेळा मास स्पेक्ट्रोमीटरवरून घेतात. पद्धतीचा पहिला अर्धा भाग जुना आहे. युस्टस फोन लीबिगने १८३१ मध्ये पाच फुग्यांच्या काचेच्या उपकरणात पोटॅशच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषून तो तोलण्याची सोय केली. फ्रिट्झ प्रेग्लने हेच काम काही मिलिग्रॅमवर आणले आणि त्यासाठी त्याला १९२३ चे नोबेल मिळाले.

या नोंदीत उदाहरण घेतले आहे ते टार्टारिक आम्लाचे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाडच्या पट्ट्यातल्या वायनऱ्यांत वाइन शून्याखाली थंड करून ठेवली की टाकीच्या आतल्या बाजूला स्फटिकांचा खरखरीत थर धरतो. तो द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचा आम्लधर्मी पोटॅशियम क्षार असतो, बेकरीवाले ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणतात तोच. चुन्याने त्याचे कॅल्शियम टार्टरेट करून त्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की जिप्सम खाली बसते आणि मोकळे टार्टारिक आम्ल द्रावणात राहते. स्वच्छ आम्ल आणि खरवडून काढलेला थर हे दोन नमुने शेजारी ठेवले की ही पद्धत कुठे चोख चालते आणि कुठे हुलकावणी देते, दोन्ही दिसते. पुढचे आकडे नमुनादाखल आहेत. यंत्रावर नेहमी येते तेवढी चूक पहिल्या नमुन्यात मुद्दाम ठेवली आहे.

टक्केवारीकडून गुणोत्तराकडे

सीएचएन ॲनालायझरमध्ये दोन-तीन मिलिग्रॅम नमुना कथलाच्या इवल्याशा कॅप्सूलमध्ये घडी घालून सुमारे ९५० ते १,००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत टाकतात. ऑक्सिजनमध्ये कथील स्वतः पेटते, त्यामुळे क्षणभर तापमान आणखी बरेच वर जाते आणि नमुना पूर्ण जळतो. पुढे तापलेल्या तांब्यावरून जाताना नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा नायट्रोजन होतो, उरलेला ऑक्सिजन अडकतो, आणि वायू वेगवेगळे करून मोजले जातात. रोजच्या कॅलिब्रेशनला ॲसिटॅनिलाइडसारखे प्रमाण संयुग वापरतात.

समजा, चांगले वाळवलेल्या टार्टारिक आम्लाच्या २.५०० मिलिग्रॅममधून २.९१९ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.९२० मिलिग्रॅम पाणी मिळाले, नायट्रोजन अजिबात नाही. कार्बन डायऑक्साइडचा ०.२७२९ भाग कार्बन असतो, पाण्याचा ०.१११९ भाग हायड्रोजन. त्यावरून कार्बन ३१.८६ टक्के आणि हायड्रोजन ४.१२ टक्के येतो. उरलेले ६४.०२ टक्के आपण ऑक्सिजनच्या नावावर टाकतो. हा ऑक्सिजन कोणी मोजलेला नाही, तो वजाबाकीतून आला आहे, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे लागते.

आता प्रत्येक टक्केवारीला त्या त्या अणुवस्तुमानाने भागायचे. कार्बनचे २.६५३, हायड्रोजनचे ४.०८७ आणि ऑक्सिजनचे ४.००२ मोल येतात. सर्वांत लहान आकड्याने, म्हणजे २.६५३ ने, भागले की गुणोत्तर १ : १.५४ : १.५१.

बहुतेक उत्तरपत्रिका इथेच घसरतात. १.५४ आणि १.५१ हे दोन्ही २ धरले की CH₂O₂ तयार होते, म्हणजे थेट फॉर्मिक आम्ल. अर्ध्याच्या जवळचा आकडा पूर्णांकात ढकलायचा नसतो, सगळे गुणोत्तर दुप्पट करायचे असते. एकतृतीयांशाजवळ असेल तर तिप्पट, पावाजवळ असेल तर चौपट. इथे दुप्पट केल्यावर २ : ३.०८ : ३.०२ येते, म्हणजे C₂H₃O₃, सूत्रवस्तुमान ७५.०४.

मिळालेले सूत्र उलट दिशेने तपासणे हाच खरा पडताळा. C₂H₃O₃ साठी कार्बन ३२.०१ आणि हायड्रोजन ४.०३ टक्के यायला हवा. आपल्याकडे कार्बन ०.१५ ने कमी आणि हायड्रोजन ०.०९ ने जास्त आहे. नियतकालिके साधारणपणे ०.४ पर्यंतचा फरक चालवून घेतात, त्यात हे बसते. CH₂O₂ ला मात्र कार्बन २६.१ टक्के हवा होता, तो पर्याय तिथेच बाद होतो. पण ०.४ ची सवलत हायड्रोजनच्या बाबतीत फार सैल आहे. हायड्रोजनची टक्केवारी मुळातच लहान आणि अणू हलका, त्यामुळे याच उदाहरणात हायड्रोजन ०.४ ने वाढला तर ३ च्या जागी ३.३ दिसेल. हायड्रोजन थोडा जास्त आणि कार्बन थोडा कमी अशी जोडी आली की पहिला संशय ओलाव्यावर घ्यावा. पावसाळ्यात नमुना वजनकाट्यावर उघडा राहिला तरी एवढा फरक पडू शकतो.

मास स्पेक्ट्रममधला कुठला आकडा घ्यायचा

मास स्पेक्ट्रोमीटर मोजतो तो आयन, रेणू नव्हे. टार्टारिक आम्लासारख्या न उडणाऱ्या, तापवल्यावर मोडणाऱ्या संयुगाला इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने आयन करायला गेले तर रेणू-आयन जवळपास दिसतच नाही. म्हणून इलेक्ट्रोस्प्रे वापरतात, तोही ऋण प्रभाराच्या मोडमध्ये. तिथे आम्ल एक प्रोटॉन टाकून m/z, म्हणजे वस्तुमान भागिले प्रभार, १४९.००९ ला येते. त्यात प्रोटॉनचे १.००७ मिळवले की १५०.०१६. याला ७५.०४ ने भागल्यावर २.०० येते आणि रेणुसूत्र C₄H₆O₆ ठरते.

प्रोटॉन मिळवायचा विसरला तर? १४९ भागिले ७५.०४ म्हणजे १.९९, उत्तर तरीही दोनच येते. इथे चूक पोटात घातली जाते, पण एम्पिरिकल सूत्र हलके असेल तर भागाकार पूर्णांकापासून जास्त दूर सरकतो. धन मोडमध्ये तेच आम्ल सोडियम चिकटवून १७३ ला दिसू शकते. त्याला ७५ ने भागले की २.३ येते, आणि पूर्णांक न आल्यामुळे निदान शंका तरी येते.

फसवतो तो m/z २९९. द्रावण दाट असेल तर दोन रेणू एकमेकांना धरून एक प्रोटॉन टाकतात आणि हा आयन तयार होतो. त्यावरून रेणुवस्तुमान ३००, भागाकार बरोबर ४, सूत्र C₈H₁₂O₁₂. सगळे पूर्णांक, टक्केवारीही तंतोतंत जुळणारी, तरी उत्तर चूक. समस्थानिकांचे शिखरही इथे कामाला येत नाही, कारण त्या जोडीत खरोखरच आठ कार्बन असतात. उपाय साधा आहे : द्रावण दहापट पातळ करून पुन्हा चालवायचे. जोडी असेल तर १४९ च्या तुलनेत २९९ झपाट्याने खाली येते. टँडम यंत्र हाताशी असेल तर २९९ एकटा निवडून फोडावा, त्यातून १४९ बाहेर पडतो.

आणखी एक गल्लत सरासरी आणि एकसमस्थानिक वस्तुमानाची. ज्वलनाच्या हिशेबात सरासरी अणुवस्तुमाने येतात (C₄H₆O₆ साठी १५०.०९), स्पेक्ट्रममध्ये सर्वांत हलक्या समस्थानिकांचे शिखर (१५०.०१६). एवढ्या लहान रेणूत भागाकारावर काही परिणाम होत नाही; क्लोरीन किंवा ब्रोमीन असेल तर होतो.

टाकीच्या भिंतीवरचा थर जाळला तर

आता आम्ल न करता खरवडलेला थरच धुऊन, वाळवून कॅप्सूलमध्ये घातला असे समजू. त्याचे खरे सूत्र KC₄H₅O₆, कार्बन २५.५३ आणि हायड्रोजन २.६८ टक्के. पण जळताना पोटॅशियम वायू होऊन जात नाही, ते कार्बोनेट बनून मागे राहते आणि सोबत कार्बनही अडकवते. दर दोन पोटॅशियमला एक कार्बन, म्हणजे आठातला एक. सगळे पोटॅशियम असे अडकले तर यंत्र कार्बन २२.३४ टक्के दाखवील. उरलेले ७४.९८ टक्के ऑक्सिजन मानले तर गुणोत्तर दुपटीनंतर २ : २.८६ : ५.०४ येते आणि C₂H₃O₅ कागदावर बऱ्यापैकी पटण्याजोगे दिसते. कथलाच्या ऑक्साइडमध्ये मिसळल्यामुळे राखही वेगळी नजरेस पडत नाही.

पकडून देतो तो मास स्पेक्ट्रम. या क्षाराच्या द्रावणातही ऋण मोडमध्ये १४९ च दिसतो. १५० ला C₂H₃O₅ च्या १०७.०४ ने भागले की १.४ येते. अशा वेळी आकडा ओढूनताणून १ किंवा २ करू नये. दोन्ही यंत्रे एकाच वस्तूबद्दल बोलत नाहीत, एवढेच त्यातून घ्यावे. थोडा नमुना प्लॅटिनमच्या तारेवर ज्योतीत धरला की रंग जांभळट येतो. द्राक्षरसातला सोडियम पिवळ्या रंगाने तो झाकू शकतो, म्हणून निळ्या काचेतून पाहतात.

कॅप्सूलमध्ये टंगस्टन ऑक्साइडची चिमूट घातली की अडकलेला कार्बन सुटतो आणि कार्बन २५.५३ वर येतो. तरी हिशेब लगेच बसत नाही. कार्बन आणि हायड्रोजन ४ : ५ असे नेमके जुळतात, पण वजाबाकीचा ऑक्सिजन ८.४४ येतो. हा अपूर्णांक गोलाईने घालवण्याजोगा नाही. ऑक्सिजनच्या खात्यात दुसरेच कोणीतरी बसले आहे. फ्लेम फोटोमीटरवर पोटॅशियम २०.७८ टक्के मिळाले की ते वजा करून ऑक्सिजन ५१.०१ उरतो, आणि कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, पोटॅशियम ४ : ५ : ६ : १ असे बसतात.

भागाकार एकाहून कमी आला तर त्याचे कारण बहुधा स्फटिकजल असते. टार्टारिक आम्लाचे रेसिमिक रूप, म्हणजे उजव्या आणि डाव्या रेणूंचे समसमान मिश्रण, पाण्याचा एक रेणू घेऊन स्फटिकते. त्याच्या ज्वलनातून C₄H₈O₇ मिळते, वस्तुमान १६८.१. स्पेक्ट्रममध्ये मात्र पाणी सोबत येत नाही, म्हणून १५० भागिले १६८ म्हणजे ०.८९. फरक १८ चा आहे हे दिसताच नमुना शंभर अंशांच्या थोडे वर वाळवून पुन्हा जाळावा.

हेच रेसिमिक आम्ल आणि द्राक्षातले आम्ल यांची घटना एकच असूनही ते वेगळे पदार्थ आहेत, हे पाहून बर्झेलियसने १८३० मध्ये समघटकतेची संकल्पना मांडली होती. वाळवलेल्या दोन्ही नमुन्यांची टक्केवारी एक, स्पेक्ट्रममधला १४९ ही एक. त्यांना वेगळे करायला पोलारिमीटर लागतो : द्राक्षातले आम्ल ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते, रेसिमिक वळवत नाही.