निबंधांवर शिकलेला शोधक ट्विटवर का चुकतो : पार्श्वभूमी

यंत्रलिखित मजकूर ओळखणारे शोधक 2019 मध्येही होते, पण तेव्हा त्यांची गरज मुख्यतः संशोधकांना होती. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटबॉट सर्वांच्या हाती आला, मागणी शिक्षणसंस्थांकडून येऊ लागली आणि शोधकांना शिकवण्याचा नमुनाही ओघानेच निबंध झाला. विद्यार्थ्यांचे निबंध हाताशी होते. तेच विषय चॅटबॉटला दिले की दुसरी बाजूही तयार. 2023 च्या अखेरीस सुरू झालेल्या एका खुल्या स्पर्धेच्या प्रशिक्षणसंचात तर केवळ दोन विषयांवरचे निबंध होते.

असा शोधक ट्विटवर घसरला की कारण म्हणून ‘डोमेन बदलले’, म्हणजे मजकुराचा प्रकारच बदलला, असे सांगितले जाते. हा शब्द सोयीचा असला तरी त्यात लांबी आणि लेखनशैली या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात.

लांबीचा भाग साध्या संख्याशास्त्राचा आहे. अनेक शोधक प्रत्येक शब्द किती अपेक्षित होता हे मोजून त्याची सरासरी काढतात. 400 शब्दांच्या निबंधाच्या तुलनेत 25 शब्दांच्या ट्विटमध्ये ही सरासरी सुमारे चौपट डळमळते, कारण हा डळमळीतपणा शब्दसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. चॅटबॉट बनवणाऱ्या कंपनीने जानेवारी 2023 मध्ये आणलेला शोधक 1000 अक्षरांखालील मजकुरावर भरवशाचा नाही, हे तिने स्वतःच सांगितले होते. ट्विटची मर्यादा तेव्हा साधारणपणे 280 अक्षरांची होती. कमी अचूकतेचे कारण देऊन तो शोधक जुलैमध्ये मागे घेण्यात आला.

शैलीचा भाग अधिक फसवा आहे. निबंधात सुबक, सरळ वाक्यरचना म्हणजे यंत्र, अशी खूणगाठ शोधक बांधतो. मग ‘kal yeto re, train late ahe’ हा रोमन लिपीतला मराठी संदेश त्याला इतका अनपेक्षित वाटतो की यंत्राने लिहिला तरी तो माणसाचाच ठरतो; उलट ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हा प्रत्येक शब्द अपेक्षित असलेला मजकूर माणसाने लिहिला तरी संशयित होतो. एकाच शोधकाच्या चुका अशा दोन्ही दिशांना जात असताना केवळ एकूण अचूकतेचा आकडा जाहीर करणे, सौम्य शब्दांत सांगायचे तर, दिशाभूल करणारे आहे.

दोन्ही कारणे वेगळी करता येतात. चाचणीचे निबंध 25-25 शब्दांत तोडून तपासावेत : एवढ्यानेच जी घसरण दिसेल ती लांबीची, आणि तेवढ्याच लांबीच्या ट्विटवर त्याहून जी जास्त दिसेल ती प्रामुख्याने शैलीची. शैलीमुळे झालेली घसरण ट्विटचे नमुने देऊन पुन्हा शिकवल्याने आणि निर्णयाची सीमारेषा नव्याने आखल्याने काही अंशी भरून निघते. लांबीची मात्र निघत नाही, कारण माणूस आणि यंत्र अक्षरशः तीच शुभेच्छा लिहीत असतील, तर ती रेषा आखायला जागाच उरत नाही.