तीन कोपेकांचा हिशेब

आयुष्यभर आपल्याला काय काय आयते मिळाले, हे उतारवयात लक्षात आले की ते लिहायचे कसे? यासाठी फार काळ एकच साचा हाताशी होता, तो कबुलीजबाबाचा. इ. स. 400च्या सुमारास संत ऑगस्टिनने तो घालून दिला: पाप सांगा, क्षमा मागा. पण आयते मिळालेले हे काही पाप नव्हे. ते आपण केलेले नसते, आपल्या वाट्याला आलेले असते. त्याची क्षमा मागू लागले की सगळा उजेड लिहिणाऱ्यावरच पडतो.

टॉलस्टॉय इथे अर्धा अडकला आणि अर्धा सुटला. 1882च्या जानेवारीत, वयाच्या 53व्या वर्षी, तो मॉस्कोच्या जनगणनेत प्रगणक म्हणून काम करायला गेला आणि त्याने मुद्दाम दरिद्री वस्ती मागून घेतली. त्यातून 1886 साली ‘मग आपण काय करायचे?’ हे पुस्तक पुरे झाले. मी दुसऱ्याच्या मानगुटीवर बसलोय, त्याची कीवही करतोय, फक्त खाली उतरत नाही, हे त्यातले वाक्य सगळे उद्धृत करतात. मला मात्र सेम्योनचा प्रसंग मोलाचा वाटतो.

सेम्योन लाकडे कापणारा मजूर. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्याला टॉलस्टॉयने 20 कोपेक दिले; कोपेक म्हणजे रुबलचा शंभरावा भाग. सेम्योनवर याची छाप पडेल असेही मनात आल्याचे तो लिहून टाकतो. सेम्योनने 3 कोपेकांचे नाणे काढले आणि 2 परत मागितले. भिकाऱ्याकडे तेवढे सुटे नव्हते, तेव्हा तिन्ही सोडून तो पुढे निघाला. मग टॉलस्टॉय हिशेब मांडतो. सेम्योनची शिल्लक सुमारे 600 कोपेक, माझी 6 लाख रुबल. त्याच्याइतके द्यायचे तर मला 3000 रुबल द्यावे लागले असते, 2000 परत मागावे लागले असते आणि सुटे नाहीत म्हणून तेही सोडावे लागले असते. इथे ना रडणे, ना मिरवणे. वाचकाला पडताळता येतील असे आकडे.

शंभर वर्षांनी, 1988 साली, अमेरिकेतल्या वेलस्ली कॉलेजात काम करणाऱ्या पेगी मॅकिन्टॉश यांनी पन्नाशीत हीच वाट धरली. गोरेपणामुळे रोज काय मिळते याच्या 46 नोंदी त्यांनी केल्या. दुकानात कोणी पाळत ठेवत नाही, ‘त्वचेच्या रंगाची’ म्हणून विकली जाणारी जखमेवरची पट्टी माझ्या कातडीला बऱ्यापैकी जुळते, असल्या बारीकसारीक. तुलना कोणाशी, हेही स्पष्ट होते: त्या काळी, त्या जागी, त्या कामात रोज भेटणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकी सहकारी आणि मैत्रिणींशी.

नेमकी हीच अट पुढे गळाली. यादी प्रशिक्षणवर्गांत फिरली; लोक दुसऱ्याच्या नोंदी आपल्या म्हणून वाचू लागले, आणि कबुलीजबाब मागच्या दाराने परत आला. अखेर मॅकिन्टॉश यांनाच प्रशिक्षकांसाठी टीप लिहून बजावावे लागले की ही प्रश्नावली नाही आणि कबुलीजबाबही नाही.