तोट्यातून नफा झाला, तर टक्के कसे काढायचे?

"एक्सेलमध्ये मागचा आकडा उणे असेल तर भागताना ABS लावून उणे चिन्ह काढायचं आणि शून्य असेल तर सरळ १०० टक्के वाढ लिहायची, बरोबर ना?"

नाही. ABS लावल्याने चिन्ह सुधारतं, अर्थ सुधारत नाही. समजा, तीन दुकानांना यंदा प्रत्येकी २० लाखांचा नफा झाला. गेल्या वर्षी पहिल्याला ४० लाखांचा तोटा होता, दुसऱ्याला १० लाखांचा, तिसऱ्याला १ लाखाचा. ABS लावून उत्तरं येतात १५०, ३०० आणि २१०० टक्के. प्रत्यक्षात पहिलं दुकान ६० लाखांनी सावरलं, तिसरं फक्त २१ लाखांनी. म्हणजे ज्याची सुधारणा सर्वांत मोठी, त्याचाच टक्का सर्वांत लहान! असा आकडा तक्त्यात ठेवणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल आहे.

शून्याचंही तसंच. शून्यावरून ५ झाले काय किंवा ५ कोटी झाले काय, दोन्हीकडे "१०० टक्के" दिसणार. एक्सेल #DIV/0! दाखवतं ते योग्यच आहे. IFERROR लावून तिथे 0 किंवा 100% भरू नका.

B2 मध्ये जुना आणि C2 मध्ये नवा आकडा असेल, तर:

```
=IF(N(B2)>0,(C2-B2)/B2,"लागू नाही")
```

इथला N महत्त्वाचा, तो मजकुराला शून्य धरतो. रिकाम्या जागी कुणी "-" टाइप केलं, तर एक्सेल मजकुराला आकड्यापेक्षा मोठा धरतं आणि N नसेल तर #VALUE! येतं.

"लागू नाही"च्या शेजारी रुपयांतला फरक द्या आणि शब्दांत लिहा: "४० लाखांच्या तोट्यातून २० लाखांच्या नफ्यात, ६० लाखांची सुधारणा."